प्लॅन दोनशेचा, लॅपटॉपवर ऐंशी: दोष लाइनचा की जुन्या मशीनचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं

सांगलीला मावशीकडे गेलो की चहाचा कप हातात येण्याआधी काकांची एक तक्रार कानावर येते. या खेपेला ती इंटरनेटची होती. त्यांनी २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन घेतला होता आणि लॅपटॉपवर स्पीड टेस्ट काही केल्या ८५च्या वर जात नव्हती. मोठी फाईल उतरवायला लावली तर सुरुवातीला झपाझप, मग एकदम शून्य, मग पुन्हा थोडी हालचाल. नेटवाल्याचा मुलगा तीनदा येऊन गेला होता. त्याने वायर बदलली, वायफायचा डबाही बदलला. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच्या मोबाईलवर टेस्ट करून १९० दाखवले आणि म्हणाला, "काका, तुमचा लॅपटॉपच म्हातारा झालाय." काकांना ते मुळीच पटलं नाही. "अरे, टाइप करताना तर काही अडत नाही!"

मुलगा बरोबर होता, पण त्याने सिद्ध काहीच केलं नव्हतं. "लॅपटॉप म्हातारा" हे निदान होत नाही. प्रोसेसर दमतोय की हार्ड डिस्क, हे कळल्याशिवाय पैसे कशावर घालायचे ते ठरत नाही. त्या दुपारी आम्ही काय काय तपासलं ते क्रमाने देतो. लॅपटॉप २०१२चा होता: दोन कोअरचा साधा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क आणि विंडोज १०.

आधी वाटेतली दोन फाटकं बघा

मशीनवर आरोप ठेवण्याआधी राउटर आणि लॅपटॉप यांच्यातला दुवा किती वेगाचा आहे ते पाहायचं. पॉवरशेल उघडून एवढंच टाका:

```
Get-NetAdapter | Format-Table Name, Status, LinkSpeed
```

केबल लावलेल्या लॅपटॉपला इथे 1 Gbps दिसायला हवं. 100 Mbps दिसलं तर शोध तिथेच संपला. एक तर लॅपटॉपचा लॅन पोर्टच जुन्या पद्धतीचा आहे, नाहीतर केबलमधल्या आठ तारांपैकी चारच नीट जोडलेल्या आहेत, नाहीतर वायफायच्या डब्याच्या ज्या पोर्टात वायर खुपसली तो पोर्ट शंभरचा आहे. काही डब्यांना एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे शंभरचे असतात. अशा दुव्यावर स्पीड टेस्ट ९२ ते ९५च्या आसपास अगदी सरळ रेषेत थांबते. दर वेळी न हलणारा असा ९४चा आकडा दिसला की शंभरचा दुवा समजावा, म्हाताऱ्या प्रोसेसरचा आकडा असा स्थिर नसतो.

वायफायवर असाल तर जुन्या लॅपटॉपचं कार्ड बहुतेक वेळा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आणि एका अँटेनाचं असतं. त्याचा दुवा बहुधा ७२ एमबीपीएसचाच जुळतो आणि हातात ४०-५० पडतात. काकांना वायफायवर ३८ मिळत होते. म्हणून यापुढची सगळी तपासणी केबल लावूनच करायची. काकांचा केबलवरचा दुवा 1 Gbps दाखवत होता, तरी टेस्ट ८४ची. म्हणजे फाटक उघडं होतं आणि अडथळा आत कुठेतरी होता.

एक हिशोब इथेच पक्का करून ठेवू, पुढे तो सारखा लागेल. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोडचा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये. आठाने भागायचं. २०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहिली तर फाईल सेकंदाला २५ एमबीने उतरते, आणि व्यवहारात २३-२४ मिळाले तरी पूर्ण मिळाले म्हणायचं. "दोनशेचा प्लॅन घेतला आणि पंचवीसच येतात" ही तक्रार मी निदान दहा जणांकडून ऐकली असेल.

स्पीड टेस्ट आणि डाउनलोड वेगवेगळे अवयव दमवतात

सगळ्या निदानाचा पाया हाच आहे. ब्राउझरमधली स्पीड टेस्ट डेटा मागवते, मेमरीत घेते, मोजते आणि टाकून देते. त्यात हार्ड डिस्कला जवळजवळ काही काम नसतं. सगळा भार प्रोसेसरवर येतो: आलेला डेटा एन्क्रिप्शनमधून उलगडायचा, ब्राउझरच्या आत इकडून तिकडे द्यायचा, जावास्क्रिप्टने मोजायचा आणि वर तो फिरणारा काटा रंगवायचा. डाउनलोडमध्ये काटा नसतो, पण आलेला प्रत्येक बाइट डिस्कवर उतरवावा लागतो.

त्यामुळे स्पीड टेस्ट चांगली आणि डाउनलोड रडतंय, तर संशय डिस्कवर. स्पीड टेस्टच कमी दाखवतेय पण डाउनलोड बऱ्यापैकी होतंय, तर संशय प्रोसेसरवर, किंवा ब्राउझरला चिकटलेल्या कशावर तरी. दोन्ही वाईट असतील, जसं काकांचं होतं, तर दोन्ही वेगवेगळे तपासायचे. एकाच कारणाने दोन्ही बिघडलंय असं धरून चाललं की निदान हमखास चुकतं.

याला एक अपवाद आहे. रॅम कमी असेल आणि ब्राउझरचे वीस टॅब उघडे असतील तर विंडोज मेमरीतला माल डिस्कवरच्या पेज फाईलमध्ये ढकलत राहतं. मग डिस्क स्पीड टेस्टच्याही पायात येते. म्हणून तपासणीआधी लॅपटॉप रीस्टार्ट करा, दहा मिनिटं हात लावू नका आणि मग एकच टॅब उघडा. ही दहा मिनिटं खरोखर द्या. जुनी हार्ड डिस्क सुरू झाल्यावर तेवढा वेळ स्वतःच्याच कामात बुडालेली असते.

प्रोसेसरची तपासणी

टास्क मॅनेजर उघडा (Ctrl+Shift+Esc), Performance मध्ये CPU निवडा. आलेखावर उजवी क्लिक करून Change graph to मधून Logical processors करा. ही पायरी वगळली की बहुतेक जण फसतात. दोन कोअरच्या मशीनवर एक कोअर पूर्ण दमला तरी एकूण आकडा ५० टक्केच दिसतो आणि माणूस म्हणतो, "प्रोसेसर तर अर्धा रिकामा आहे." चार कोअरवर तोच आकडा २५ दिसतो. ब्राउझरच्या टेस्टमधला बराचसा भाग एकाच धाग्यावर चालतो, त्यामुळे एक कोअर भरला की वेग तिथेच अडतो आणि बाकीचे कोअर नुसते बघत बसतात.

आता टास्क मॅनेजर बाजूला दिसत राहील अशी खिडकी लावा आणि टेस्ट चालवा. अपलोडकडे लक्ष देऊ नका, डाउनलोडचे दहा-पंधरा सेकंद बघा. काकांच्या मशीनवर दोन्ही कोअर छताला टेकले होते. Processes मध्ये CPU च्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावला तर वर ब्राउझर होता, ते अपेक्षितच. पण त्याच्या लगेच खाली अँटिव्हायरस होता, जवळजवळ ३० टक्के खात.

इथे थोडं थांबून ३० टक्क्यांचं कारण बघण्यासारखं आहे. अनेक अँटिव्हायरसना "वेब शील्ड" असते आणि ती एन्क्रिप्ट केलेली वाहतूकही तपासते. त्यासाठी ती मध्ये बसून आलेला डेटा उलगडते, बघते, पुन्हा एन्क्रिप्ट करते आणि ब्राउझरला देते. ब्राउझर तो परत उलगडतो. जे काम एकदा व्हायचं ते तीनदा होतं. नव्या प्रोसेसरमध्ये एईएस एन्क्रिप्शनसाठी खास सूचना असतात, म्हणून हे जाणवत नाही. इंटेलने त्या २०१० मध्ये आणल्या, पण स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये त्या पुढची काही वर्षं नव्हत्या. तुमच्यात आहेत का ते सीपीयू-झेड या फुकट प्रोग्रॅमच्या Instructions ओळीत AES शब्द आहे का ते पाहून कळतं. काकांच्यात नव्हता. तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: २०० एमबीपीएसला नुसत्या एन्क्रिप्शनने असा प्रोसेसर बसत नाही, कोअरचा एक हिस्साच जातो. तो बसतो तिप्पट काम, ब्राउझरचं ओझं आणि एक्स्टेन्शन यांच्या बेरजेने.

बेरीज सोडवायची तर एकेक वजन काढून बघायचं. आम्ही इन्कॉग्निटो खिडकी उघडली, म्हणजे एक्स्टेन्शन गेली. त्यात पंधरा वर्षांच्या सवयीने जमवलेले कूपन शोधणारे तीन होते. आकडा ८४ वरून १०३ वर आला. मग वेब शील्ड दहा मिनिटांसाठी बंद केली: १३१. मग ब्राउझरच बाजूला ठेवला. स्पीडटेस्ट चालवणाऱ्या ऊकला कंपनीचा कमांड लाइनवर चालणारा प्रोग्रॅम मिळतो, त्याची एकच फाईल असते, ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. टेस्ट मात्र मोबाईलवर ज्या सर्व्हरला केली त्याच सर्व्हरला करायची, नाहीतर तुलना फुकट:

```
speedtest.exe -L
speedtest.exe -s 12345
```

पहिली ओळ जवळचे सर्व्हर आणि त्यांचे क्रमांक देते, दुसरीत 12345 च्या जागी हवा तो क्रमांक टाकायचा. इथे आकडा आला १८८. त्याच वायरवर, त्याच लॅपटॉपवर, त्याच पाच मिनिटांत. काका चष्मा सरळ करत स्क्रीनजवळ आले. "म्हणजे आत्तापर्यंत दोनशे येतच होते?" येतच होते. मोजणाराच धापा टाकत होता.

कोअर भरलेले दिसतायत पण कुठलाही प्रोग्रॅम फार खात नाहीये, असं झालं तर CPU च्या पानावरचा Speed बघा. टेस्ट चालू असतानाही तो Base speed च्या कितीतरी खाली, ०.८ गिगाहर्ट्झला चिकटून बसला असेल तर प्रोसेसरला कोणीतरी लगाम घातलाय. पंख्यात धूळ बसून तो तापतो, किंवा पॉवर ऑप्शन्समध्ये Maximum processor state कमी केलेली असते, किंवा चार्जर ओळखला न गेल्याने काही लॅपटॉप स्वतःच मंद होतात. धूळ असेल तर आधी ती काढा. नवा लॅपटॉप घ्यायचा ठरवून जुना उघडला आणि आत बोटभर कापसासारखा थर निघाला, असं मी पाहिलंय.

डिस्कची तपासणी

आता डाउनलोडकडे. Performance मध्ये Disk वर जा आणि एखादी मोठी फाईल उतरवायला लावा. दोन आकडे बघायचे: Active time आणि Average response time. Active time शंभरला टेकला एवढ्यावरून डिस्क खराब ठरत नाही, ती कामात आहे एवढंच कळतं. खरी गोष्ट दुसरा आकडा सांगतो. धडधाकट हार्ड डिस्कला एका मागणीला १० ते २० मिलीसेकंद लागतात. काकांच्या डिस्कला ९०० लागत होते, मधूनच दोन हजार. म्हणजे एक मागणी टाकली की उत्तर यायला एक सेकंद, आणि शेकडो मागण्या रांगेत उभ्या.

असं का होतं? ५४०० आरपीएम म्हणजे तबकडी सेकंदाला ९० फेरे घेते. एका फेऱ्याला ११ मिलीसेकंद, हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी त्याच्या निम्मे, आणि डोकं एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जायला आणखी दहा-बारा. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाऊन काम करायला सतरा-अठरा मिलीसेकंद झाले. सेकंदाला जेमतेम साठ जागा. प्रत्येक जागी ४ केबी लिहायचे असतील तर सेकंदाला २४० केबी. हीच डिस्क एका ओळीत सलग लिहायला दिली तर ८०-९० एमबी सहज लिहिते, म्हणजे २५ एमबीची लाइन तिला जड जायला नको. पण तिला सलग लिहू देतं कोण? तुमची फाईल लिहिता लिहिता विंडोज अपडेट, डिफेंडरची तपासणी, सर्चचा इंडेक्स, फोटोंचं क्लाउड सिंक, सगळे तिला आपापल्या कोपऱ्यात ओढतात.

शून्यावर जाऊन पुन्हा चालू होणाऱ्या वेगाचं कोडंही इथेच सुटतं. आलेला डेटा विंडोज आधी रॅममध्ये साठवतं आणि डिस्कवर मागाहून उतरवतं. म्हणून पहिले काही सेकंद पूर्ण वेग दिसतो. रॅममधली ती जागा भरली की विंडोज ब्राउझरला लिहू देत नाही, ब्राउझर नेटवर्कवरून वाचणं थांबवतो, आणि लॅपटॉप पलीकडच्या सर्व्हरला कळवतो की माझ्याकडे जागा नाही, पाठवू नकोस. पिठाच्या गिरणीत वर धान्य ओतणाऱ्याने हात आखडता घ्यावा, कारण खालचं जातं कूर्मगतीने दळतंय, तसंच. बघणाऱ्याला मात्र धान्यच संपलं असं वाटतं. करवतीच्या दातांसारखा वर-खाली होणारा आलेख आणि प्रत्येक खळग्याच्या वेळी डिस्क शंभर टक्के, ही जोडी दिसली की नेटवाल्याला फोन करू नका.

पण नुसत्या दिसण्यावर विसंबू नये म्हणून एक तपासणी अशी आहे की तिच्यात इंटरनेटच नाही. घरातला दुसरा, बऱ्यापैकी लॅपटॉप त्याच राउटरला केबलने जोडा. माझा होताच. त्यावर पायथन हवं. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून:

```
mkdir C:\chachani
cd C:\chachani
fsutil file createnew mothi.bin 2147483648
python -m http.server 8000
```

ही दोन जीबीची रिकामी फाईल आहे. ती रिकामी असल्याने देणाऱ्या लॅपटॉपच्या डिस्कला वाचायचं काम जवळपास पडत नाही, म्हणजे एक संशयित कमी. फायरवॉलने विचारलं तर खासगी नेटवर्कसाठी परवानगी द्या, आणि काम झाल्यावर Ctrl+C ने सर्व्हर बंद करायला विसरू नका. या लॅपटॉपचा आयपी पत्ता `ipconfig` ने कळेल. आता जुन्या लॅपटॉपवर, खालच्या पत्त्याच्या जागी तो टाकून:

```
mkdir C:\chachani
curl.exe -o NUL http://192.168.1.20:8000/mothi.bin
curl.exe -o C:\chachani\mothi.bin http://192.168.1.20:8000/mothi.bin
```

मधली ओळ फाईल आणते आणि टाकून देते. शेवटची ओळ तीच फाईल डिस्कवर लिहिते. दोन्हींत वायर, राउटर, नेटवर्क कार्ड आणि प्रोसेसरचं काम तेच, फरक फक्त लिहिण्याचा. सरासरी वेग Average Speed खाली दिसतो, बाइटमध्ये. पॉवरशेलमध्ये `curl` न लिहिता `curl.exe` पूर्ण लिहा, कारण नुसतं `curl` म्हटलं की जुनं पॉवरशेल आपलीच वेगळी आज्ञा चालवतं, आणि तिची प्रगतीची पट्टी मोठ्या डाउनलोडला इतकं मंद करते की तपासणीचाच बट्ट्याबोळ होतो. फाईल रॅमपेक्षा फार लहानही घेऊ नका. ४ जीबी रॅमला दोन जीबी ठीक, रॅम जास्त असेल तर फाईल मोठी घ्या, नाहीतर सगळी रॅममध्येच मावते आणि डिस्क निर्दोष दिसते.

आमचे आकडे: टाकून देताना सेकंदाला ६८ एमबी, लिहिताना ९. मधोमध काकांची लाइन, २४ची. म्हणजे लॅपटॉप लाइनपेक्षा जवळजवळ तिप्पट वेगाने घेऊ शकत होता, पण लाइनच्या निम्मंही लिहू शकत नव्हता. याहून स्वच्छ पुरावा मिळायचा नाही. दोन्ही आकडे लाइनपेक्षा वर असते तर डिस्क सुटली असती. दोन्ही सारखेच कमी असते तर पुन्हा दुवा आणि प्रोसेसरकडे वळावं लागलं असतं. दोन्ही ११च्या आसपास असतील तर वाटेत कुठेतरी शंभरचा पोर्ट आहे.

डिस्क मंद आहे की मरतेय, हेही याच वेळी बघून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. वर निळा Good असेल तर ती फक्त मंद आहे. पिवळा Caution असेल आणि Current Pending Sector Count किंवा Reallocated Sectors Count शून्याच्या वर असेल तर वेगाचा विषय सोडा आणि फोटो आजच दुसरीकडे उतरवा. अशी डिस्क एखाद्या जागी अडखळली की पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ सगळं मशीन गोठतं. काकांची निळी होती.

डिस्कला ओढणारे कोण हे बघायला Start मध्ये `resmon` टाइप करा आणि Disk च्या पानावर Write च्या रकान्याने क्रम लावा. काकांकडे अपडेटचा TiWorker.exe, डिफेंडरचा MsMpEng.exe आणि फोटो क्लाउडवर चढवणारा एक प्रोग्रॅम, असे तिघे होते. दुसरा अँटिव्हायरस असताना डिफेंडर सहसा बाजूला सरतो, इथे मात्र त्याची अधूनमधून तपासणी करायची सोय कोणीतरी चालू करून ठेवली होती. एकाच डिस्कवर दोन पहारेकरी.

मशीन की विंडोज, हे ठरवायचा पेनड्राइव्ह

इतकं करूनही गोंधळ राहिला तर लिनक्स मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा आणि काही इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप सुरू करा. हार्ड डिस्क आणि विंडोज दोन्ही खेळातून बाद होतात. तिथल्या ब्राउझरमध्ये टेस्ट करा, आणि टर्मिनलमध्ये त्याच दुसऱ्या लॅपटॉपकडून फाईल ओढा:

```
wget -O /dev/null http://192.168.1.20:8000/mothi.bin
```

तीच टेस्ट इथे छान आली तर प्रोसेसरमध्ये दम आहे आणि विंडोजमध्ये साचलेला पसारा दोषी आहे. इथेही तसाच कमी आकडा आला तर प्रोसेसरची किंवा कार्डाची हीच मर्यादा समजा. आम्हाला मिंटवर ब्राउझरमध्ये १५२ मिळाले. विंडोजवर ८४ होते, ते इन्कॉग्निटो आणि शील्ड बंद करून १३१ झाले होते. यावरून ब्राउझरमधल्या टेस्टची या प्रोसेसरची मजल साधारण दीडशेपर्यंत आहे, हे आधीच कळलं. काकांना तेव्हाच सांगून टाकलं की काहीही केलं तरी ब्राउझर दोनशे दाखवणार नाही. नंतरचे वाद वाचले.

दुरुस्ती, आणि तिचा क्रम

आधी फुकटातलं. बाहेरचा अँटिव्हायरस काढला, डिफेंडर एकटा ठेवला. दोन्ही बंद करून ठेवणं किंवा डाउनलोडचा फोल्डर डिफेंडरच्या तपासणीतून वगळणं हा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. बाहेरून येणारी फाईल जिथे पहिल्यांदा उतरते तीच जागा उघडी टाकण्यात शहाणपण नाही. एक्स्टेन्शन काढली, फोटोंचं सिंक रात्रीवर टाकलं. एवढ्याने स्पीड टेस्ट १४५ झाली. डाउनलोडमध्ये फरक किरकोळ पडला, ९ वरून १३.

मग एसएसडी. २०१२च्या लॅपटॉपला २.५ इंची साटा एसएसडी बसते, महागडी घ्यायची गरज नाही. अगदी जुन्या साटा-२ पोर्टातही ती सेकंदाला अडीचशे एमबीच्या आसपास देते, आणि तुमच्या लाइनला पंचवीस लागतात. लॅपटॉपला दुसरी डिस्क बसत नसेल तर जुनी उतरवण्याआधी एसएसडी यूएसबी-साटा केबलने जोडून क्लोनझिलाने जशीच्या तशी नक्कल करता येते. क्लोनझिलाला लक्ष्य डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी लागते, म्हणून काकांच्या ५०० जीबीवरून २४०च्या एसएसडीवर सरळ नक्कल झाली नसती. आम्ही फोटो बाजूला काढून विंडोज नव्याने टाकलं, आणि दहा वर्षांचा पसाराही त्यात गेला. बायोसमध्ये SATA Mode बघून घ्या: तो IDE असेल तर नवीन इन्स्टॉलच्या आधी AHCI करा. आधीच चालू असलेल्या विंडोजवर तो अचानक बदललात तर पुढच्या वेळी निळा पडदा दिसण्याची शक्यता जास्त.

विंडोज १० नव्याने टाकताना एक विचार मात्र करावा लागतो. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, आणि २०१२चं मशीन विंडोज ११च्या अटींत बसत नाही. ज्याला बँकेची कामं त्याच लॅपटॉपवर करायची आहेत त्याने मिंट टाकलेलं बरं. काकांना मराठी टायपिंगचा त्यांचा जुना प्रोग्रॅम हवा होता, म्हणून त्यांनी विंडोज ठेवलं आणि बँक मोबाईलवर नेली.

रॅम ४ची ८ केली तर टॅब उघडे ठेवून टेस्ट करतानाचे झटके जातात, पण आकडा वाढत नाही. एसएसडी आणि रॅम यांतलं एकच परवडत असेल तर एसएसडी. प्रोसेसर मात्र अशा लॅपटॉपमध्ये बदलत बसू नये. त्याची मर्यादा ठाऊक असावी आणि लाइन मोजायची झाली की कमांड लाइनने मोजावी.

एसएसडीनंतर तीच curl ची तपासणी: टाकून देताना ६८, लिहिताना ६६. इंटरनेटवरून फाईल २३ने, शेवटपर्यंत सपाट. ब्राउझरची टेस्ट १४८, आणि त्या वेळीही दोन्ही कोअर छताला, जसं मिंटवर दिसलं होतं तसंच.

आठवड्याने काकांचा फोन. "पुन्हा हळू झालं रे." जुनी हार्ड डिस्क आम्ही एका केसमध्ये घालून यूएसबीला लावून दिली होती, फोटोंसाठी. काकांनी ब्राउझरच्या डाउनलोडचा फोल्डर तिच्यावर ठेवला होता, "एसएसडी भरू नये म्हणून." यूएसबी २ पोर्ट सेकंदाला तीसेक एमबी देतो, तो पुरला असता. पण त्याच डिस्कवर त्यांनी फोटोंचं सिंकही लावलं होतं, आणि ते भर दुपारी चालू होतं. डाउनलोड परत C वर घ्यायला सांगितलं, फाईल पूर्ण उतरली की मग तिकडे हलवायची. फोन चालू असतानाच त्यांनी बदललं आणि मला आकडा वाचून दाखवला, तेवीस.